कोटेशन पाठवताय? आधी या चार जागा बघा

कोटेशन पाठवण्याआधी “सगळं एकदा नीट वाचून घ्या” असा सल्ला सगळेच देतात. माझ्या मते तो फारसा उपयोगाचा नाही. आपणच टाइप केलेलं वाचताना डोळे कागदावर असतात, पण वाचलं जातं मनातलं. त्यापेक्षा चारच जागा बघा: नाव, आकडे, जोडलेली फाइल आणि पत्ता.

समजा, तुमचा फराळाचा व्यवसाय आहे. गेल्या दिवाळीत एका कंपनीला 150 बॉक्स, 480 रुपये दराने दिले, म्हणजे 72,000 रुपये. यंदा दुसऱ्या कंपनीला 250 बॉक्स हवेत. तुम्ही वर्डमधली जुनीच फाइल उघडता, वरचं नाव बदलता, 150 चे 250 करता. पण वर्डच्या टेबलमधली टाइप केलेली बेरीज आपोआप बदलत नाही. खाली 72,000 तसेच, आणि “अक्षरी रुपये बहात्तर हजार फक्त” हेही तसंच. खरी रक्कम आहे 1,20,000. ग्राहक म्हणणार, “अहो, तुम्हीच लिहून दिलंय!” आता 48,000 साठी वाद घालायचा की ऑर्डर सोडायची?

म्हणून नग गुणिले दर हा हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा करा. आकडी आणि अक्षरी रक्कम जुळवा. तारीख आणि कोटेशनची मुदतही बघा, गेल्या वर्षीची राहून जाते.

नाव फक्त वर नसतं. विषयात, “प्रति”मध्ये, अटींमध्ये आणि फाइलच्या नावातही असतं. Ctrl+F दाबून जुन्या ग्राहकाचं नाव शोधा, एका झटक्यात कळतं. फाइलचं नाव मात्र त्यात सापडत नाही, ते वेगळं बघावं लागतं. जीएसटी नंबरही बघा. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. पुण्याच्या ग्राहकापुढे 29 दिसलं तर तो कर्नाटकचा नंबर आहे, थांबा.

फाइल मेलला जोडल्यावर तिथूनच उघडून बघा. फोल्डरमधली उघडून उपयोग नाही, कारण नेमकी “final” ऐवजी “final2” जोडली जाते.

पत्ता शेवटी भरा, म्हणजे अर्धवट मेल चुकून जाणारच नाही. दोन अक्षरं टाइप केली की जीमेल नाव सुचवतं, आणि यादीत दोन “संतोष” असले की गडबड होते. एकाचा दर दुसऱ्याला कळला तर घासाघीस सुरूच झाली म्हणून समजा! नाव नाही, पूर्ण पत्ता वाचा. Cc मध्ये कोण आहे तेही.

जीमेलच्या सेटिंगमध्ये Undo Send 30 सेकंदांवर ठेवा, पण त्यानंतर मेल परत घेता येत नाही. व्हॉट्सअॅपवर मेसेज डिलीट करता येतो, मात्र समोरच्याने तोवर पीडीएफ उघडून बघितलेली असू शकते.