घरचं शास्त्र : ढेकूण उन्हाने मरतात का?

लग्नसराई संपली, सुट्टीतले पाहुणे परतले, की बऱ्याच घरांत एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो: अंगावर सकाळी ओळीने गांध्या का उठतात? गादीची शिवण उलगडून पाहिली तर शाईचे बारीक ठिपके पडावेत तसे काळे डाग आणि फिकट तपकिरी सालं दिसतात. हे ढेकूणच. ते प्रवासाच्या बॅगेतून कोणाच्याही घरी येतात, स्वच्छतेशी त्यांचा फारसा संबंध नाही.

आपला पिढ्यान् पिढ्यांचा उपाय म्हणजे गाद्या गच्चीवर टाकणे. मग इंदूर-ग्वाल्हेरच्या मे महिन्यातल्या उन्हानेही ढेकूण का संपत नाहीत?

कारण ढेकणाला मारायला नुसतं गरम पुरत नाही. ४५ अंशांना मोठे ढेकूण मरू लागतात, पण अंडी कित्येक तास तग धरतात. ४८ अंशांना साधारण दीड तास लागतो. ५० च्या वर मात्र काही मिनिटांत सगळेच संपतात, अंड्यांसकट. गच्चीवरच्या गादीचा वरचा कपडा हाताला चटका देतो, पण कापूस उष्णता आत जाऊ देत नाही. वर तापलं की ढेकूण शिवणीतून खालच्या सावलीच्या बाजूला सरकतात. संध्याकाळी आपण गादीबरोबर त्यांनाही आत आणतो.

म्हणून चादरी, अभ्रे आणि कपडे गरम पाण्यातच धुवावेत. फ्रंट लोड मशीनमध्ये ६० अंशांचा कार्यक्रम असतो, तो पूर्ण चालवावा. मशीन नसेल तर पातेल्यानेही काम होतं. समजा दोन चादरी आणि चार अभ्रे आहेत. मोठ्या स्टीलच्या घंगाळात कपडे सैलसर ठेवा, त्यावर नळाचं आठ लिटर पाणी घाला आणि मग उकळतं दहा लिटर. पाणी सुमारे ६५ अंशांचं होतं. काठीने ढवळून कपडे पूर्ण बुडवा, झाकण ठेवून अर्धा तास थांबा. शेवटीही पाणी ५५ च्या वर असायला हवं. ते मिठाईच्या पाकासाठी वापरतात त्या थर्मामीटरने पाहा, तापाचा थर्मामीटर त्यात बुडवू नका. मुलांना मोरीपासून दूर ठेवा. मग नेहमीप्रमाणे साबणाने धुवा. लोकरीचे कपडे मात्र यात घालू नका. ते पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवावेत.

ड्रायरबद्दल एक घोटाळा नेहमी होतो. आपल्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबला आपण ड्रायर म्हणतो, पण तो फक्त गरगर फिरवून पाणी काढतो, उष्णता देत नाही. त्यात ढेकूण मरत नाहीत. परदेशातल्या मुलांच्या घरी किंवा शहरातल्या लाँड्रीत असतो तो गरम हवेचा ड्रायर वेगळा. त्यात कोरडे कपडे न धुताच टाकून, सर्वांत गरम सेटिंगवर अर्धा तास फिरवले तरी काम होतं. टब गच्च भरू नये आणि जाड रजईला जास्त वेळ द्यावा.

धुण्याइतकीच महत्त्वाची आहे ती कपड्यांची ने-आण. चादर झटकत मोरीपर्यंत नेली तर ढेकूण दिवाणखान्यात पडतात. पलंगापाशीच सगळं प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड बांधा, आणि धुतलेले कपडे नव्या पिशवीत ठेवा. जुनी पिशवी बाहेर फेका.

मग उन्हाचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण दुसऱ्या शत्रूवर. धुळीतले माइट, ज्यांच्यामुळे काहींना सकाळी उठल्याबरोबर शिंका येतात, ते हवेतली ओल शोषून जगतात. कडक उन्हात गादी सुकली की त्यांचं आवडतं हवामान जातं. पण शिंका येतात त्या मुख्यतः त्यांच्या विष्ठेमुळे, आणि ती गादीत तशीच राहते. म्हणून चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांत धुणं इथेही हवंच. घरात कुत्रा-मांजर असेल तर पिसवांसाठी त्याचं अंथरूणही तसंच धुवा. मात्र पिसवांची अंडी फरशीच्या फटींतही पडतात, तिथे रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा लागतो.

हीच मर्यादा ढेकणांनाही लागू आहे. धुण्याने कपड्यांतले ढेकूण मरतात, पलंगाच्या सांध्यांतले नाहीत. अंडी साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात. म्हणून धुतल्यावर पांढरी चादर घाला आणि दोन आठवड्यांनी शिवणी पुन्हा तपासा. नवे काळे ठिपके दिसले तर ढेकूण लाकडात आहेत, आणि आता कीटकनियंत्रणवाल्याला बोलवायची वेळ झाली आहे.