वस्तरा, खराटा आणि खोडवा

हातकणंगल्याच्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका केशकर्तनालयात गेल्या उन्हाळ्यात मी बसलो होतो. नववीत गेलेला एक मुलगा खुर्चीवर होता. ओठांवर जेमतेम लव, आणि हट्ट असा की तिच्यावरून वस्तरा फिरवावा म्हणजे मिशी दाट येईल! शेजारच्या बाकावरील आजोबांनीही मान डोलावली. त्याच सुमारास माझ्या ओळखीच्या एका घरी अगदी उलटा प्रकार चालला होता. तेथील दहावीतील मुलीला हातांवरचे केस काढायचे होते, आणि आजी तिला बजावत होत्या, "ब्लेड लावू नको गं, मग दाभणासारखे येतील." एकाला जे हवे त्याचीच दुसरीला भीती, समजूत मात्र दोघांची एकच. ती खरी आहे काय?

माझे मत स्पष्ट सांगतो. समजूत चुकीची आहे, पण ती बाळगणारे लोक मूर्ख नाहीत. त्यांनी जे पाहिले ते बरोबर पाहिले. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला. म्हणून "अंधश्रद्धा" असा एक शब्द तोंडावर फेकून हा विषय संपविणे मला पटत नाही.

आमचा हा भाग उसाचा. ऊस तोडला की जमिनीत राहिलेल्या बुडख्याच्या डोळ्यांतून नवे कोंब येतात आणि खोडवा उभा राहतो. एका बुडख्याला चांगले पाच-सात फुटवे दिसतात. कुंपणाची मेंदी छाटली की तीही दाट होते. कापले की जोमाने फुटते, हा अनुभव आमच्या घराघरांत आहे. बाळाचे जावळ काढताना मोठी माणसे "आता केस दाट येतील" असे म्हणतात, त्यामागे शेतातलाच हा अनुभव आहे. मग केसाने तसे का करू नये?

कारण उसाच्या कांडीवर जिवंत डोळे असतात आणि केसावर एकही नसतो. त्वचेच्या बाहेर दिसणारा केस ही केरॅटीन नावाच्या प्रथिनाची निर्जीव दोरी आहे. म्हणून तर तो कापताना दुखत नाही. जिवंत भाग त्वचेच्या आत, केशपुटक नावाच्या इवल्याशा पिशवीच्या तळाशी असतो. तेथील पेशी विभागत राहतात आणि तयार झालेला केस वर ढकलतात. केस किती जाड व्हायचा, त्यात काळे रंगद्रव्य किती भरायचे, हे त्या तळाशी ठरते. वस्तरा फिरतो तो कातडीच्या वर. वर काय कापले गेले याची बातमी खाली नेणारी मज्जातंतूसारखी कोणतीही वाट त्या निर्जीव केसात नाही.

तरीही दाढी केल्यावर तिसऱ्या दिवशी गाल खरखरीत लागतो, हे कोणी नाकारणार नाही. त्याचे उत्तर अंगणातल्या खराट्यात सापडते. नारळाच्या हिरांचा नवा खराटा घ्या. हिरांची टोके बारीक, लवचीक असतात. हातावर फिरवली तर गुदगुल्या होतात. तोच खराटा वर्षभर झिजून बुडाशी आला की टोचू लागतो. कोणताही हीर जाड झालेला नसतो! बारीक टोके गेली आणि बुडाकडील जाड भाग उघडा पडला, इतकेच. न कापलेल्या केसालाही असेच निमुळते टोक असते. वस्तरा ते टोक काढून टाकतो आणि मागे राहते ते खुंटासारखे सपाट टोक.

यात लांबीचाही हिशेब आहे. दाढीचा केस दिवसाला साधारण पाऊण ते अर्ध्या मिलिमीटरच्या दरम्यान नव्हे, तर त्याहून कमी, सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. म्हणजे तीन दिवसांत खुंट सुमारे 1 मिलिमीटर होतो. एका टोकाला घट्ट रोवलेली काडी दुसऱ्या टोकाशी ढकलली तर ती किती वाकेल, हे लांबीच्या घनावर अवलंबून असते. तेव्हा 10 मिलिमीटर लांबीचा केस ज्या जोराने जितका वाकेल, त्याच्या हजाराव्या हिश्शाइतकाच त्याच जाडीचा 1 मिलिमीटरचा खुंट वाकेल. बोटाला हा ताठरपणा कळतो आणि मन त्याला जाडी म्हणते. रंगाचेही तसेच. जुना केस उन्हाने थोडा फिकट झालेला असतो. नवा खुंट ताजा, आणि उजळ कातडीवर उभा असल्याने अधिकच काळा दिसतो.

मोजून पाहणारे लोकही होते. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी 1928 मध्येच दाढीच्या केसांवर मोजमापे केली. पुढे 1970 मध्ये लिनफील्ड आणि मॅकविल्यम्स यांचा जो प्रयोग प्रसिद्ध झाला तो मला अधिक आवडतो, कारण त्याची रचना शाळकरी मुलालाही समजेल. पाच निरोगी तरुणांचा एक पाय दर आठवड्याला वस्तऱ्याने साफ करायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा. माणूस एकच, आहार एकच, संप्रेरके एकच. फरक फक्त वस्तऱ्याचा. काही महिन्यांनंतरही दोन्ही पायांच्या केसांच्या जाडीत किंवा वाढीच्या वेगात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. पाच माणसे ही संख्या लहान आहे खरी. पण दुसरा पाय सोबत असल्यामुळे तुलना भक्कम आहे.

आमच्या त्या नववीतल्या मुलाजवळ असा "दुसरा गाल" नाही. त्याला तीन वर्षांनी दाट मिशी येईल आणि श्रेय वस्तऱ्याला मिळेल. वास्तविक त्या वयात पुरुष-संप्रेरकांमुळे लवेच्या जागी जाड, काळे केस येऊ लागतात, आणि दाढी करायला सुरुवातही नेमकी त्याच वयात होते. बाळाच्या जावळाचेही तेच. मऊ केस वयानुसार जाड होतातच, जावळ काढा अथवा ठेवा. चाई पडलेल्या जागी ब्लेड घासणारे लोक मी पाहिले आहेत. लहान चाई पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप भरते, आणि ब्लेडची कीर्ती वाढते. तिथे कातडी कापून जखम चिघळण्याचा धोका मात्र खरा असतो. उलट, एखाद्या मुलीच्या हनुवटीवर खरोखरच जाड केस येऊ लागले आणि पाळीही अनियमित असेल, तर दोष तिने कधीतरी लावलेल्या ब्लेडला देत बसू नये. कारण संप्रेरकांत असू शकते, डॉक्टरांना दाखवावे.

शिक्षकांना एक सुचवितो. वर्गातील तयार असलेल्या विद्यार्थ्याच्या एका मनगटाजवळील दोन सेंटिमीटर चौकोनातील केस लहान कात्रीने कातडीलगत कापावेत. केशपुटकाच्या दृष्टीने कात्री आणि वस्तरा सारखेच, आणि इजा टळते. आठ-दहा आठवड्यांनी दोन्ही मनगटांवरील दहा-दहा केस कातडीलगत कापून घ्यावेत. केस पुठ्ठ्याच्या भोकावर ताणून चिकटवावा, बुडाकडील भागावर लाल लेसर टाकावा आणि 2 मीटरवरील भिंतीवर उमटणाऱ्या काळ्या पट्ट्यांतील अंतर मोजावे. 650 नॅनोमीटरचा लेसर असेल तर 1.3 ला त्या अंतराने (मिलिमीटरमध्ये) भागले की केसाची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. डोक्याच्या केसाला अंतर 16 आले, तर जाडी सुमारे 0.08. केस बारीक तितके अंतर मोठे. मधला उजेडी पट्टा दुप्पट रुंद असतो, म्हणून अंतर एकाच बाजूच्या पट्ट्यांमधले घ्यावे. आणि लेसर शिक्षकांच्याच हाती असावा; किरण कोणाच्याही डोळ्यात जाता कामा नये.