नाव आपले, वाट दुसऱ्याची

आमचे एक जुने विद्यार्थी बेळगावात कुंदा आणि करदंट यांचे दुकान चालवितात. परगावच्या मागण्या संकेतस्थळावरून येतात. गेल्या महिन्यात एका सकाळी ते कागद घेऊन आमच्या दारी उभे राहिले. "सर, दुकानाचे पान उघडले की भलतेच दुकान दिसते. पहाटेपासून एकही ईमेल नाही. मुंबईच्या भावाला मात्र आपलेच पान दिसते! नोंदणी कंपनीला पत्र लिहिले आहे, तेवढे तपासून द्या."

पत्र दोन पानांचे होते. त्यात संताप भरपूर, माहिती नाममात्र. सुदैवाने आमचे चिरंजीव घरी होते. त्यांचा हाच व्यवसाय. त्यांनी प्रथम घोटाळा उलगडला. संकेतस्थळाच्या नावाची जी मूळ नोंद असते, तीत दुकानाचा पत्ता नसतो. पत्ता कोणाला विचारावा, त्या 'नेमसर्व्हर'ची नावे तेवढी असतात. ती बदलली की दुकान जागच्या जागी राहते, पण वाटाड्या फितूर होतो. तोच ईमेलचीही वाट दाखवितो, म्हणून पत्रेही चोराच्या घरी जातात. मुंबईच्या यंत्रांनी जुना पत्ता लक्षात ठेवला होता, म्हणून भावाला जुने पान दिसले.

"पासवर्ड विसरलो असे कळविले, तरी दुवा आलाच नाही," असे मालक म्हणाले. येणार कोठून? नोंदणी कंपनीकडे त्यांनी दिलेला ईमेल दुकानाच्याच नावाचा होता. नवा पासवर्ड मागावा, तर तो चोराच्या हाती पडावा! म्हणून पहिली दुरुस्ती मजकुरात नव्हे, पाठविण्याच्या पत्त्यात झाली. पत्र दुसऱ्या, स्वतंत्र ईमेलवरून गेले आणि त्याचे कारणही त्यात नमूद केले.

दुसरी दुरुस्ती वेळेची. सार्वजनिक नोंदीतील शेवटच्या बदलाची वेळ १२ तारखेची रात्री २२:१० अशी होती. मालकांनी तीच उतरविली. परंतु ती जागतिक वेळ. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे १३ तारखेची पहाट, ३:४०. दप्तर तपासणाऱ्यास दोन्ही वेळा द्याव्यात, म्हणजे चुकीच्या दिवसाची पाने चाळली जात नाहीत. शेवटी जे पत्र गेले, ते असे. (खरी नावे आम्ही बदलली आहेत.)

"महोदय, example.com हे नाव आमच्या दुकानाच्या नावे आपल्याकडे नोंदलेले आहे. १२ तारखेस २२:१० वाजता (जागतिक वेळ, भारतीय वेळ १३ तारीख, पहाटे ३:४०) त्याचे नेमसर्व्हर आमच्या संमतीविना बदलले गेले. पूर्वीचे ns1.example.net व ns2.example.net, सध्याचे ns1.example.org व ns2.example.org. नोंदणीतील ईमेल याच नावाचा असल्यामुळे तो आमच्या ताब्यात नाही. कृपया त्यावर काहीही पाठवू नये. विनंती अशी की, खाते तात्काळ गोठवावे व चालू असलेले सर्व प्रवेश बंद करावेत. नाव अन्यत्र हलविण्यास प्रतिबंध करावा. ओळख पटल्यावर पूर्वीचे नेमसर्व्हर पुन्हा लावावेत. संपर्काचे तपशील बदलले आहेत काय ते पाहावे. आणि प्रवेशाच्या नोंदी जपून ठेवाव्यात. नूतनीकरणाची पावती व दुकानाचे नोंदणीपत्र सोबत जोडले आहे. नोंदणीतील दूरध्वनी क्रमांकावर आम्ही उपलब्ध आहोत."

विनंत्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला. खाते मोकळे असताना जुनी नावे लावली, तर चोर घटकाभरात ती पुन्हा बदलील. पासवर्ड मात्र पत्रात लिहिला नाही. मालकीचा पुरावा पावती देते, पासवर्ड नव्हे.

मालकांना एक कोडे पडले होते. "सर, माझ्या नावाला कुलूप होते की!" कुलूप होते खरे, पण clientTransferProhibited हे. ते नाव दुसऱ्या कंपनीकडे जाऊ देत नाही. नेमसर्व्हर बदलण्यास त्याची आडकाठी नसते. त्यासाठी clientUpdateProhibited हे वेगळे कुलूप लागते. चोर तर पासवर्ड घेऊन पुढच्या दारानेच आला होता. आदल्या आठवड्यात 'मुदत संपत आहे' अशा बनावट पत्रातील दुव्यावर मालकांनीच तो टंकला होता.

दूरध्वनीवर ओळख पटवून कंपनीने सायंकाळी जुनी नावे लावली. तरीही काही गिऱ्हाइकांना दुसऱ्या दिवशी खोटेच पान दिसत होते. .com च्या वरच्या दप्तरातील ही नोंद १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस, लक्षात ठेवण्याची मुभा वाटेतील यंत्रांना असते. त्या काळात पुन्हा पुन्हा बदल करीत बसू नये. मधल्या वेळेत चोराकडे गेलेली पत्रे मात्र परत येत नाहीत; मालकांनी नेहमीच्या गिऱ्हाइकांना एकेक करून दूरध्वनी केले आणि त्या दिवशी कोणी पैसे भरले काय, ते विचारले.

आता त्यांच्या नोंदणीत वेगळ्या नावाचा ईमेल आहे, आणि पासवर्डासोबत दूरध्वनीवरील संकेतांकही लागतो. वाचकांपैकी ज्यांची दुकाने अशी चालतात, त्यांनी नोंदणीत कोणता ईमेल दिला आहे, एवढे तरी आज उघडून पाहावे. घराची किल्ली त्याच घरात ठेवून आपण दार ओढून घेतलेले नाही ना?