अकरावीच्या फॉर्ममध्ये न विचारला जाणारा प्रश्न

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांमध्ये 'करिअर गाइडन्स'चे कार्यक्रम सुरू होतात. मीही त्यांत बोलायला जातो. मंचावर एक डॉक्टर, एक इंजिनिअर, जमलं तर एखादे पोलीस अधिकारी असतात. प्रत्येक जण आपल्या यशाची गोष्ट सांगतो, गुणवंतांना ट्रॉफी मिळते आणि मुलं घरी जातात. दुसऱ्या दिवशी ती सायबर कॅफेत फॉर्म भरायला बसतात तेव्हा आदल्या दिवशीचं एकही वाक्य त्यांच्या कामाला येत नाही. माझं म्हणणं असं की आपण शाखेवर फार बोलतो आणि विषयांवर जवळजवळ बोलतच नाही. पुढची दारं मात्र बरीचशी विषयांवर उघडतात आणि बंद होतात.

आधी फॉर्म पाहू. पुण्यात अकरावीचे प्रवेश बरीच वर्षं केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होत आहेत आणि 2025 पासून ही पद्धत सगळ्या राज्यात लागू झाली. पहिल्या भागात विद्यार्थ्याची माहिती असते. दुसऱ्या भागात शाखा आणि पसंतीची कॉलेजं भरायची, जास्तीत जास्त दहा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणजे पहिल्या ओळीत काय लिहिलं यावर बरंच अवलंबून असतं. ती ओळ भरताना मुलं बहुतेक वेळा गेल्या वर्षीचा कटऑफ बघतात. कटऑफमधून त्या कॉलेजला किती मागणी होती एवढंच समजतं. तिथे गणित शिकवतात की नाही, हे त्यातून कळत नाही.

नेमके विषय ठरतात ते पुढे, कॉलेजात प्रवेश घ्यायला गेल्यावर. खिडकीपलीकडचे क्लार्क विचारतात, "मॅथ्स की एस.पी.?" मागे रांग असते, सोबत आलेले चाचा घाईत असतात आणि मुलगी एस.पी. म्हणते. एस.पी. म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस. विषय वाईट नाही, पण वाणिज्य शाखेत तो बहुधा गणिताच्या जागी घेतला जातो. काही कॉलेजांत तर निवडच नसते, कारण वाणिज्यच्या मुलांसाठी गणिताची तुकडीच चालवत नाहीत.

गेल्या वर्षी कोंढव्यातल्या एका मुलीच्या घरी मी हा हिशेब मांडून बसलो होतो. दहावीला 71 टक्के, गणितात 78. तिला कॉम्प्युटरमध्ये काम करायचं होतं. अब्बा रिक्षा चालवतात, त्यामुळे सायन्स घेऊन दोन वर्षं खासगी क्लासची फी भरणं घरच्यांना अवघड वाटत होतं. नातेवाइकांचा सल्ला ठरलेला: कॉमर्स घे, गणिताची कटकट नको. म्हणजे सायन्स परवडत नाही म्हणून कॉमर्स, आणि कॉमर्स म्हणून गणित नको. पहिलं कारण मला समजतं. दुसऱ्याचा पहिल्याशी काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही.

तिच्यापुढचे रस्ते आम्ही कागदावर काढले. वाणिज्य शाखेतून बीसीए करता येतं. 2024 पासून त्यासाठी राज्याची वेगळी सीईटी आहे आणि बारावी कोणत्या शाखेतून केली याची तिथे अडचण नाही. हा रस्ता एस.पी. घेऊनही खुला राहतो, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. पण बीसीए जमलं नाही आणि बी.कॉम. करावं लागलं तर? एमसीएच्या नियमानुसार बी.कॉम. किंवा बी.ए. झालेला विद्यार्थीही पात्र ठरतो. अट एवढीच की बारावीला किंवा पदवीला त्याचं गणित असावं. म्हणजे बारावीचं गणित हा तिच्यासाठी पडता रस्ता सावरणारा विषय होता. एस.पी. घेतला असता तर तो रस्ता पंधराव्या वर्षीच बंद झाला असता, आणि हे तिला विसाव्या वर्षी कळलं असतं.

तिसरा रस्ता अकरावीच्या फॉर्ममध्ये दिसतच नाही, तो म्हणजे पॉलिटेक्निकचा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, त्याचे प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालय वेगळे करतं. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागत नाही. अडचण इतकीच की हे अर्ज अकरावीच्या अर्जांच्याच दिवसांत भरायचे असतात. अकरावीचा निकाल बघून मग डिप्लोमाचं पाहू म्हणणाऱ्यांची तारीख निघून जाते. तिने दोन्ही अर्ज भरले. शेवटी वाणिज्य घेतलं, पण जिथे गणित शिकवतात अशा कॉलेजात. त्यासाठी पसंतीक्रम भरण्याआधी सहा कॉलेजांना फोन करावे लागले.

कला शाखेचं तर आपल्याकडे नावही हळू आवाजात घेतात. पण महाराष्ट्र मंडळाचं बारावीचं गणिताचं पुस्तक पाहा. त्यावर 'कला आणि विज्ञान' असं लिहिलेलं असतं. म्हणजे कला शाखेतला विद्यार्थी तेच गणित घेऊ शकतो जे विज्ञानवाला घेतो. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राची बी.ए. ऑनर्स करायची तर गणित लागतं, तिथे कला शाखेची अडचण होत नाही. फक्त पुण्यात कला शाखेला गणित देणारं कॉलेज शोधावं लागेल, आणि ते काम सोपं नाही.

विज्ञान शाखेतही हाच घोळ आहे. 'सायन्स घेतलं की सगळी दारं उघडी' हे अर्धवट खरं आहे. डॉक्टर व्हायचंच म्हणून गणित सोडून जीवशास्त्र ठेवलं आणि नीटला गुण कमी पडले, तर इंजिनिअरिंग गेलं. एनडीएच्या हवाई दल आणि नौदलासाठी भौतिक, रसायन आणि गणित हवं. लष्कराच्या शाखेला मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते. फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक पुरतं. चुकलं तर मंडळाची तुरळक विषय घेऊन पुन्हा परीक्षा देण्याची सोय आहे, पण त्यात वर्ष जातं. आणि वर्ष गेलं की आपल्या घरांत मुलीच्या लग्नाचा विषय निघतो, हे मी वेगळं सांगायला नको.

शाळांनी काही केलंच नाही असं नाही. 2016 मध्ये राज्याने श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने दहावीच्या सगळ्या मुलांची कल चाचणी सुरू केली होती. कृषी, वाणिज्य, ललित कला, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी तुमचा ओढा कुठे, हे ती सांगायची. कल्पना चांगली होती. पण ओढा म्हणजे क्षमता नव्हे, आणि ज्या मुलाने आयुष्यात एकही वकील किंवा आर्किटेक्ट जवळून पाहिलेला नाही त्याचा ओढा त्याने पाहिलेल्या जगापुरताच असणार. शिवाय 'वाणिज्य' असं उत्तर मिळालं तरी गणित घेऊ की एस.पी., हा प्रश्न तिथेच राहायचा.

हे बोलणं नववीतच व्हायला हवं, कारण दहावीत गणिताची भीती पक्की झालेली असते. जून महिन्यात आपल्या संघटनांना करता येण्याजोगं काम छोटं आहे. कॅम्प, कोंढवा, हडपसर आणि येरवडा इथल्या कनिष्ठ महाविद्यालयांची यादी करायची आणि प्रत्येकापुढे लिहायचं: वाणिज्यला गणित आहे का, कलेला आहे का, विज्ञानात कोणते विषय एकत्र घेता येतात, तुकडी अनुदानित आहे की नाही. चार पोरं दोन दिवस फोनवर बसली तर यादी होते. ट्रॉफ्यांच्या खर्चात तिच्या हजार प्रती निघतील.