खोलीकरणाआधी दगड उलटून पाहा

वर्धा शहर पितं ते पाणी येळाकेळी आणि पवनारला धाम नदीतून उचललं जातं. या पाण्याची तपासणी होते, पण बाटलीतला नमुना फक्त त्या घटकेचं सांगतो. सोमवारी रात्री नाल्यातून घाण वाहून गेली आणि बाटली बुधवारी भरली, तर अहवालात तिचा मागमूसही राहत नाही. नदीतल्या कीटकांची पिल्लं मात्र कित्येक आठवडे त्याच दगडांना धरून राहतात. पाण्याने जे सोसलं, ते त्यांनीही सोसलेलं असतं. नदीची ही साक्ष आपण जेसीबीने पुसून टाकतो आहोत. ते थांबायला हवं.

दिवाळीनंतर पाणी निवळलं की जिथे ते खळखळत वाहतं, तिथे उतरा आणि पंजाएवढा दगड अलगद उलटा. नखाएवढा, चपटा, तपकिरी जीव खेकड्यासारखा तिरका सरकताना दिसला, तर त्याच्या पोटाच्या कडा पाहा. तिथले पानासारखे कल्ले सारखे हलत असतात. मागे बहुधा तीन शेपट्या आणि प्रत्येक पायाला एकच नखी. हे मेफ्लायचं पिल्लू. पंख फुटल्यावर मेफ्लाय काही खातही नाही, काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत मरते. तिचं खरं आयुष्य पाण्यातच जातं. शेपट्या दोनच आणि पायाला नख्या दोन असल्या, तर ती स्टोनफ्लाय. तिला थंड, वाहतं पाणी लागतं. आपल्या तापणाऱ्या, संथ नद्यांत ती तशीही विरळच, म्हणून ती दिसली नाही एवढ्यावरून पाणी खराब ठरवू नका.

या पिल्लांना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन भरपूर लागतो. सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू तोच ऑक्सिजन खाऊन टाकतात. माती वाहून आली की दगडांखालच्या फटी बुजतात. आणि आपल्या कपाशीच्या पट्ट्यात तिसरा धोका फवारणीचा. बियाण्याला लावलं जाणारं आणि फवारलंही जाणारं इमिडाक्लोप्रिड मेफ्लायला अगदी थोड्या मात्रेतही बाधतं. तुडतुडे मारायला बनवलेलं औषध नाल्यातल्या कीटकाला वगळत नाही.

पण मेफ्लाय दिसली म्हणजे सगळं उत्तम, असंही नाही. ब्रिटनमध्ये 1970च्या दशकात पाण्यातल्या अपृष्ठवंशी जीवांच्या कुळांना 1 ते 10 गुण देण्याची पद्धत बसवली गेली. तिच्यात दगडाला चिकटणाऱ्या चपट्या हेप्टाजेनिडी कुळाला 10, लेप्टोफ्लेबिडीला 10, सीनिडीला 7, पण बरंच काही सोसणाऱ्या बेटिडीला 4 गुण आहेत. लाल अळ्यांच्या कुळाला 2 आणि गाळातल्या बारीक गांडुळांना 1. समजा, गावाच्या वरच्या अंगाला पहिली चारही कुळं मिळाली. बेरीज 31, सरासरी पावणेआठच्या घरात. गावाचा नाला मिळतो त्याच्या खाली फक्त बेटिडी, लाल अळ्या आणि गांडुळं मिळाली, तर बेरीज 7 आणि सरासरी जेमतेम सव्वादोन. परक्या देशाचे गुण इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पण एकाच नदीच्या, सारख्याच दगडगोट्यांच्या दोन जागा त्याच दिवशी ताडून पाहिल्या, तर एवढी मोठी घसरण मधल्या नाल्याकडे बोट दाखवते. मग रासायनिक तपासणी नेमकी कुठे करायची, हेही कळतं.

ही नोंद व्हायला आधी दगड तर जागेवर हवेत! खोलीकरणात नाला रुंद होतो, तळ खरवडला जातो आणि उथळ खळखळाटाच्या जागी सरळ, साचलेला चर उरतो. बंधाऱ्यात साचलेला गाळ काढा, शेतात टाका, त्याला कोणाचाच विरोध नाही. पण वाहत्या पट्ट्यातले गोटे म्हणजे गाळ नव्हे. ते काठावर फेकल्यावर पाणी अगदी स्वच्छ असलं, तरी ही पिल्लं धरतील कशाला?

म्हणून ग्रामपंचायतींना विनंती आहे की खोलीकरणाच्या कामात खळखळणारे पट्टे नकाशावर दाखवून वगळा. शेतकरी बंधूंनो, पंप आणि औषधाचे डबे नाल्यात धुऊ नका, आणि काठावर गवताचा पट्टा राखा. विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना पावसाळ्यानंतर एकदा आणि फेब्रुवारीत एकदा नदीवर न्यावं. अर्ध्या मिलिमीटर छिद्रांची जाळी प्रवाहात खाली धरावी, तिच्या वरच्या अंगाला तीन मिनिटं पायाने गोटे हलवावेत आणि जाळीत आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून मोजावं. मोजणी झाली की जीव पाण्यात परत सोडावेत, उलटलेले दगडही होते तसेच ठेवावेत. वरची जागा आणि खालची जागा, दोन्हीकडची तारीखवार नोंद एका वहीत ठेवा आणि पुढच्या ग्रामसभेत खोलीकरणाचा ठराव येईल तेव्हा ती वही टेबलावर मांडा.