‘भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टर’ नेमक्या कोण? आनंदीबाई, कादंबिनी की रखमाबाई?

तीन तरुणी आपापल्या देशाच्या पोशाखात शेजारी बसल्या आहेत. साडीतल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. हा कृष्णधवल फोटो तुमच्याही टाइमलाइनवर कधीतरी आला असेल. सोबतची ओळ साधारण अशी असते: ‘आपापल्या देशातल्या पहिल्या परवानाधारक महिला डॉक्टर’.

फोटो खरा आहे. अडचण त्या ओळीत आहे.

फोटो कधीचा आहे?

तो अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला आहे आणि त्यावर 10 ऑक्टोबर 1885 ही तारीख आहे. आनंदीबाईंना पदवी मिळाली 11 मार्च 1886 रोजी, ओकामींना 1889 मध्ये आणि इस्लामबुलींना 1890 मध्ये. म्हणजे फोटो काढला तेव्हा तिघीही विद्यार्थिनी होत्या.

जपानबाबतचा दावा तर टिकतच नाही. ओगिनो गिंको या महिलेने 1885 मध्येच जपान सरकारची वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळवला होता. ओकामी पाश्चात्त्य विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या जपानच्या पहिल्या महिलांपैकी एक आहेत. पण ‘पहिली पदवी’चं ‘पहिला परवाना’ झालं आणि गिंको गायब झाल्या.

मग भारताचं काय?

गूगलने 22 नोव्हेंबर 2017 रोजी डॉ. रखमाबाईंवर, 31 मार्च 2018 रोजी आनंदीबाईंवर आणि 18 जुलै 2021 रोजी बंगालच्या कादंबिनी गांगुलींवर डूडल केलं. चार वर्षांत तिघी, आणि तिघींच्या नावापुढे कुठे ना कुठे ‘पहिल्या’ लागलेलं. कमेंटमध्ये मराठी विरुद्ध बंगाली असा सामनाही रंगतो.

यातून मार्ग काढायचा तर ‘पहिली महिला डॉक्टर’ हा दावा आधी फोडावा लागतो. पहिली म्हणजे पदवी घेणारी की रुग्ण तपासणारी? भारतात शिकलेली की परदेशात? भारतीय महिला की भारतात शिकलेली कुठलीही महिला?

आनंदीबाई आणि कादंबिनी दोघीही 1886 च्या. आनंदीबाई अमेरिकेत पदवीधर झाल्या, तर कादंबिनींनी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून जीबीएमसी ही पात्रता मिळवली. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण त्या क्षयाने आजारी होऊन परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. वय जेमतेम 21. प्रॅक्टिस करायची संधीच त्यांना मिळाली नाही. कादंबिनींनी मात्र कलकत्त्यात अनेक वर्षं रुग्ण तपासले.

रखमाबाई लंडनमध्ये शिकल्या. 1894 मध्ये पात्रता मिळवून त्या परतल्या आणि सुरतेत काम करू लागल्या. त्यामुळे ‘प्रत्यक्ष प्रॅक्टिस करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला डॉक्टर’ असं त्यांच्याबद्दल लिहिलेलं दिसलं तर थांबा. कादंबिनी त्यांच्या कितीतरी आधी काम करत होत्या. ‘पहिल्या काही डॉक्टरांपैकी एक’ हे वर्णन बरोबर आहे.

आणि ‘भारतात वैद्यकीय शिक्षण घेतलेली पहिली महिला’ असं कुणी कादंबिनींबद्दल लिहिलं तर तेही चूक. मेरी शार्लिब यांनी 1875 मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला होता. त्या ब्रिटिश होत्या. ‘भारतीय’ हा एक शब्द वगळला की उत्तर बदलतं.

असा दावा तुम्ही कसा तपासाल?

सगळ्यात मोठी गफलत इथे होते: त्या व्यक्तीने ती गोष्ट केली, याचा पुरावा आपण शोधतो. तो मिळतोही. पण ‘पहिली’ ठरायला तिच्या आधी कुणीच केली नव्हती हे दिसावं लागतं. म्हणून तिचं नाव बाजूला ठेवून शोध घ्या. तेच क्षेत्र, त्याआधीची दहा वर्षं आणि दुसरी शहरं, दुसरे प्रांत. आनंदीबाईंबद्दल कितीही वाचलं तरी कादंबिनी सापडतीलच असं नाही. ‘कलकत्ता मेडिकल कॉलेज, पहिली विद्यार्थिनी’ असं शोधलं की सापडतात.

दुसरं, वीस वेबसाइटवर तेच वाक्य दिसलं म्हणून वीस पुरावे झाले असं नाही. बऱ्याचदा एकाने लिहिलेलं बाकीचे उचलतात. महाविद्यालयाची त्या काळातली पदवीधरांची यादी किंवा तेव्हाचं वर्तमानपत्र, असा त्याच वर्षीचा कागद जास्त भरवशाचा.

निष्कर्ष

‘आनंदीबाई भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टर’ हे वाक्य अर्धवट आहे. ‘परदेशात जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय महिला’ असं लिहिलं तर ते टिकतं. कादंबिनी ‘भारतात शिकून पाश्चात्त्य वैद्यकाची प्रॅक्टिस करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला’. वाक्यं थोडी लांब झाली, पण त्यात कुणाचंही नाव पुसलं जात नाही.