कढईतले तेल आणि पोटातले तेल

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पुऱ्यांच्या कृतीखाली ‘प्रत्येकी तेल 100 ग्रॅम’ असे छापले आहे. कढईत अर्धा किलो तेल, खाणारे पाच, झाला भागाकार! मग तळून झाल्यावर कढईत उरलेले तेल कोणाच्या पोटात गेले?

मी त्याच प्रमाणात पुऱ्या करून पाहिल्या. अर्धा किलो भिजवलेल्या कणकेच्या वीस पुऱ्या. तेल आधी तोलले, तळल्यावर निवू दिले आणि पुन्हा तोलले. 415 ग्रॅम उरले. कागदाने टिपलेले तीन ग्रॅम वजा केले, तर पुऱ्यांत गेले 82 ग्रॅम. म्हणजे चार पुऱ्यांमागे सोळा ग्रॅम, शंभर नव्हे. वजन तेलाचेच करावे लागते, कारण तळताना पुरीतले पाणी वाफ होऊन जाते आणि तेल आत शिरते. पुरी तोलून काहीच कळत नाही.

त्याच पानावर साबुदाणा वडे ‘शॅलो फ्राय करा, तेल वाचेल’ असा सल्ला आहे. बारा वड्यांचे तीन घाणे, प्रत्येक घाण्याला दोन मोठे चमचे तेल, म्हणजे एकूण 84 ग्रॅम. शेवटी तव्यावर जेमतेम दहा ग्रॅम उरले. वड्याला सहा ग्रॅम तेल लागले की! तेच वडे कढईत तळले तर पाचच्या आसपास. तव्यावर ओतलेले जवळजवळ सगळे तेल खाल्ले जाते, हे पाककृती लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. पराठ्याला दोन छोटे चमचे सोडले, तर नऊ ग्रॅम पोटात गेलेच.

खरी बचत झाऱ्यापाशी होते. पदार्थ बाहेर काढल्यावर आतली वाफ निवते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून तो कढईवरच लगेच झटकावा आणि जाळीवर उभा ठेवावा. एकावर एक रचू नये. कढईत गर्दी केली की तेल थंड होते, पदार्थ जास्त वेळ तेलात राहतो आणि तेलकट होतो.

पंतप्रधानांनी फेब्रुवारी 2025 च्या ‘मन की बात’मध्ये तेल दहा टक्के कमी करायला सांगितले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या ताटात दिवसाला तेल-तूप 27 ग्रॅम आहे. चुकीच्या आकड्यावरून लोकांनी हे कसे पाळायचे?

आणि उरलेल्या तेलाचे काय? त्यातल्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा 25 टक्के आहे, 1 जुलै 2018 पासून. तरी आपल्या शहरात संध्याकाळी कितीतरी गाड्यांवर काळ्या तेलातच नवे तेल ओतले जाते. तिथे मापकयंत्र घेऊन आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, आणि कृतीखाली ‘कढईत घालायचे तेल’ व ‘पोटात जाणारे तेल’ असे दोन वेगळे आकडे द्या.

– एक गृहिणी, गारखेडा, छत्रपती संभाजीनगर